"या साहेब, लवकर आलात!" : टोमणा कुठला आणि आयरनी कुठली? आपापले अनुभव लिहा

ओसरी: मुलगा क्लासहून उशिरा आला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "या साहेब, लवकर आलात!" तो न बोलता आत गेला. मला एकदम माझे बाबा आठवले. एरवी 'तू', पण उशीर झाला की 'आलात'. तो 'आलात' अजून टोचतो. त्याच बाबांनी मुहूर्त बघून गावी जायला काढलं, एसटी चुकली आणि आम्ही सगळे स्टँडवर भिजत उभे होतो. बाबा म्हणाले, "काय झकास मुहूर्त!" सगळे पोट धरून हसलो. दोन्ही वाक्यं उलटीच, मग एकच का लागलं?

पाटीपेन्सिल: कारण स्टँडवर नेम कोणावरच नव्हता, भिजत तेही होतेच. टोमण्याला समोर माणूस लागतो. आपल्या भाषेत त्याच्या खुणाही आहेत. 'तू'चं अचानक 'तुम्ही' होतं, नाहीतर 'च' येतो. "भाजी छान झालीये" आणि "छानच झालीये हो भाजी" ऐकून बघा. आयरनीला मात्र बोलणारा असलाच पाहिजे असं नाही, घटनाच उलटी पडते. आमच्या वाड्यातल्या वायरमनकाकांच्या घरी तीन दिवस अंधार होता, ती आयरनी. "काका, उजेड बरा आहे तुमच्याकडे!" असं कोणी म्हटलं की झाला टोमणा.

रानजाई: म्हणजे माझ्या लग्नात पाऊस आला ती आयरनीच ना?

पाटीपेन्सिल: नुसता आला तर ते नशीब. पाऊस टाळायला तारीख बदलली होती का?

रानजाई: हो!! जूनची मेमध्ये आणली. मेमध्ये वळीव कोसळला, मांडव आडवा. जूनची ती तारीख कोरडी ठाक गेली.

पाटीपेन्सिल: मग पक्की आयरनी 😀

चुलीपाशी: कुकर लावलाय, पटकन लिहिते. नणंदेने फॅमिली ग्रुपवर बाळाचा फोटो टाकला. मी मनापासून लिहिलं, "वा, आज आमची आठवण झाली!" दोन महिने बोलली नाही. आवाज ऐकला असता तर कळलं असतं तिला.

ओसरी: अगं, फोन करायचास लगेच.

चुलीपाशी: उचलेल तर ना.

गावकुसाबाहेर: टोमणा उलटाच असतो हे पटत नाही. आमचे साहेब म्हणायचे, "वाचता येतं ना?" यात उलटं काय? सरळ प्रश्न, पण दिवसभर जेवण जायचं नाही.

पाटीपेन्सिल: बरोबर, उलटा नसलेला टोमणाही असतो. मी घाईत अर्धंच लिहिलं.

रानजाई: आणि स्वतःलाच "काय हुशार मी!" म्हटलं तर? नेम आहे, पण माणूस मीच.

गावकुसाबाहेर: तो टोमणाच.

पाटीपेन्सिल: मला नाही वाटत. लागत कुठे आहे तो?

रानजाई: मला लागतो कधीकधी.

चुलीपाशी: ओसरी, मुलगा जेवला का?

ओसरी: आत्ता जाऊन म्हटलं, "उशीर झाला, काळजी वाटली रे." पोळी मागितली त्याने. दोन खाल्ल्या.