तळटिपेतील ‘तत्रैव’ : नेमका अर्थ कोणता आणि ते कुठे चुकते?

नववीतील मुलाची आई, कोथरूड

मुलाच्या शाळेने इतिहासाच्या प्रकल्पाला शिकागो पद्धतीने तळटिपा आणि संदर्भसूची जोडायला सांगितली आहे. विषय मराठी सत्तेचा उदय हा आहे. त्याची पहिली टीप अशी होती : महादेव गोविंद रानडे, *राइज ऑफ द मराठा पॉवर* (मुंबई : पुनाळेकर आणि कंपनी, १९००), ४५. पुढच्या टिपेतही तेच पुस्तक असल्यामुळे तिथे त्याने ‘तत्रैव, ५२’ एवढेच लिहिले. शिक्षकांनी त्या शब्दाभोवती लाल वर्तुळ करून ‘ग्रँट डफच्या पान ५२ वर हे नाही’ असा शेरा दिला आहे. पुस्तक रानड्यांचे असताना डफ कुठून आला, की आम्ही ‘तत्रैव’चा अर्थच चुकीचा धरला आहे?

एक वाचक, नारायण पेठ

लेखक तोच असला की ‘तत्रैव’ लिहावे, असे आम्हाला एम.ए.ला सांगितले होते. त्या हिशेबाने मुलाचे बरोबर आहे, शिक्षकांचाच काही गोंधळ झाला असावा.

निवृत्त ग्रंथपाल, सदाशिव पेठ

लेखक तोच असणे पुरेसे नाही. तत्र अधिक एव, म्हणजे ‘तिथेच’. इंग्रजी ग्रंथांत येणाऱ्या ‘इबिड’ या लॅटिन शब्दाचा अर्थही हाच. तळटिपेत या ‘तिथेच’चा रोख लगेच वरच्या टिपेतील ग्रंथाकडे असतो. रानड्यांचे दुसरे एखादे पुस्तक किंवा लेख असेल, तर लेखक तोच असूनही ‘तत्रैव’ चालत नाही, आणि वरच्या एकाच टिपेत दोन ग्रंथ दिलेले असतील, तर ‘तिथेच’ म्हणजे दोहोंपैकी कुठे, हे वाचकाला कळायला मार्ग उरत नाही. ताई, या दोन टिपांच्या मधे मुलाने नंतर एखादी टीप घातली होती का, ते कृपया पाहाल का?

नववीतील मुलाची आई

होय. प्रकल्प देण्याच्या आदल्या रात्री त्याने एक वाक्य वाढवले आणि त्याला ग्रँट डफच्या १८२६ च्या इतिहासाची टीप जोडली. आकडे आपोआप पुढे सरकले, म्हणून आम्ही पुन्हा पाहिले नाही.

निवृत्त ग्रंथपाल

चूक तिथेच झाली. वर्डमध्ये टिपेचा क्रमांक आपोआप बदलतो, त्यामुळे दोनची टीप तीन झाली; पण ‘तत्रैव’ हा आपण टंकलेला साधा शब्द आहे, आपल्या वर कोण येऊन बसले हे त्याला कळत नाही. आता त्याच्या वर डफ आहे, म्हणून शिक्षकांनी डफचे पान उघडले, आणि ते रीतीला धरूनच झाले. शिकागो नियमावलीच्या २०१७ च्या सतराव्या आवृत्तीने ‘इबिड’ऐवजी संक्षिप्त टीप वापरावी असे सुचवले आहे. त्यानुसार तिसरी टीप अशी होईल : रानडे, *मराठा पॉवर*, ५२. ही टीप कुठेही सरकली तरी खोटी ठरत नाही. ‘तत्रैव’ ठेवायचेच असेल, तर छपाईपूर्वी असे प्रत्येक ठिकाण शोधून त्याच्या वरची टीप वाचावी. दुसरा उपाय मला तरी माहीत नाही.

मोडी वाचणारा एक अभ्यासक

मराठी प्रतिशब्द हवा असेल तर ‘कित्ता’ का नको? जुन्या कागदांतील याद्यांमध्ये वरचीच बाब पुन्हा आली की ‘कित्ता’ लिहिलेले मला रोज दिसते. मी माझ्या टिपणांत तोच शब्द वापरतो.

निवृत्त ग्रंथपाल

शब्द अस्सल आहे आणि मला प्रियही आहे, परंतु प्रश्न प्रतिशब्दाचा नव्हता. शिवाय शाळेतल्या मुलाला कित्ता म्हटले की हस्ताक्षर गिरवण्याची वहीच आठवेल, आणि टीप सरकल्यावर ‘कित्ता’ही ‘तत्रैव’सारखाच फसवील.

नववीतील मुलाची आई

मग संदर्भसूचीतही संक्षिप्त रूपच द्यायचे का?

निवृत्त ग्रंथपाल

नाही, सूचीत प्रत्येक ग्रंथ एकदाच आणि पूर्ण द्यायचा : रानडे, महादेव गोविंद. *राइज ऑफ द मराठा पॉवर*. मुंबई : पुनाळेकर आणि कंपनी, १९००. सूची अकारविल्हे लावायची असल्यामुळे आडनाव पुढे येते, टिपेतील लेखकाच्या नावापुढचा स्वल्पविराम आणि प्रकाशनाभोवतीचा कंस जाऊन पूर्णविराम येतात, आणि पुस्तकाचा पृष्ठांक गळतो, कारण सूची संपूर्ण ग्रंथाची असते.

एक वाचक, नारायण पेठ

‘तत्रैव’बाबत माझी समजूत अपुरी होती, हे मान्य करतो. पण जेम्स ग्रँट डफ सूचीत ‘ड’खाली लावायचा की ‘ग’खाली? मी आजवर ‘डफ, जेम्स ग्रँट’ असेच लिहीत आलो आहे.

मोडी वाचणारा एक अभ्यासक

मी ‘ग्रँट डफ, जेम्स’ लिहितो, कारण आपल्याकडे त्यांना नुसते डफ कोणी फारसे म्हणत नाही.

निवृत्त ग्रंथपाल

ग्रंथालयांच्या सूचींत मी दोन्ही नोंदी पाहिल्या आहेत. मुलाने शिक्षकांना विचारून एक रूप धरावे आणि संक्षिप्त टिपेतही तेच ठेवावे. टिपेत ‘ग्रँट डफ’ आणि सूचीत ‘ड’खाली नोंद असली, तर शोधणारा ‘ग’ चाळून परत जाईल.