‘मॅड मेन’चा कोसळणारा माणूस खोटं बोलला का?

कोथरूडकर: शनिवारी पौड रोडला मित्राकडे ‘मॅड मेन’ ही जाहिरात कंपनीतल्या माणसांची मालिका संपवली आणि चहा गार होईपर्यंत भांडलो. (पुढे शेवट फुटलाय, बघायची असेल तर इथूनच मागे फिरा.) टायटलमध्ये सूटवाला माणूस उंच इमारतींमधून खाली कोसळतो. सात सीझन मी मालिकेचा नायक डॉन उडी कधी मारतो याची वाट पाहिली. मारलीच नाही! मग टायटलने फसवलंच ना?

शनिवारपेठी: फसवलंच, आणि ठरवून. पाचव्या सीझनमध्ये लिफ्टचं दार उघडतं, आत लिफ्टच नाही, डॉन त्या पोकळीत बघत राहतो. शेवटी शेवटी नव्या ऑफिसची खिडकी दाबून बघतो, ती खडखडते. आपण कशाची वाट बघतोय हे लेखकांना पक्कं ठाऊक होतं.

एडिटटेबल: टायटल पुन्हा बघा, अगदी शेवटपर्यंत. माणूस जमिनीवर आपटतच नाही. पुढच्या चित्रात तो पाठमोरा, कोचावर रेलून, हात पसरून बसलाय, बोटांत सिगारेट. हे २००७ चं काम, ९२ भाग तेच राहिलं. आणि २०१५ च्या शेवटच्या दृश्यात डॉन कुठे आहे? कॅलिफोर्नियात, समुद्रावरच्या कड्यावर, मांडी घालून, डोळे मिटून. आधी कोसळणं, मग बसणं. पण याला मी भाकीत म्हणणार नाही. आठ वर्षं आधी शेवट असा बारकाईने ठरवून कोणी टायटल करत नाही. ते माणसाचा स्वभाव सांगतं: पडतानाही त्याच्या चारी बाजूंना जाहिरातीच. बायकांचे पाय, दारूचा ग्लास, हसरं कुटुंब.

रात्रपाळी: पण ‘गेम ऑफ थ्रोन्स’चं टायटल तर भविष्य सांगायचंच. दर भागाला नकाशा बदलायचा, आता कुठे काय होणार ते आधीच कळायचं.

एडिटटेबल: नकाशा बदलायचा हे खरं. पण सहाव्या सीझनच्या शेवटच्या भागात विंटरफेल किल्ल्यावर स्टार्क घराण्याचं लांडग्याचं चिन्ह परत आलं, तेव्हा त्या किल्ल्याची लढाई आदल्या भागातच संपली होती. आठव्या सीझनमध्ये बर्फाच्या निळ्या फरशा दक्षिणेकडे सरकतात, म्हणजे मेलेल्यांची फौज कुठवर आली ते कळतं. ही बातमी झाली. कोण वाचणार, त्यावर अवाक्षर नाही.

माईआजी: आमचा नातू टायटल लागलं की लगेच पुढे ढकलतो. मला नावं वाचायची असतात हो! ते बटण बंद कसं करायचं, कुणी सांगेल का?

कोथरूडकर: माई, रिमोट तुमच्याकडे ठेवा, दुसरा इलाज नाही.

शनिवारपेठी: बसला हे मान्य. पण कड्यावर तो हसतो आणि लगेच कोकाकोलाची जाहिरात लागते. मन शांत झालं म्हणून हसला, की जाहिरात सुचली म्हणून? तुमच्या टायटलमध्ये हे कुठाय?

एडिटटेबल: नाही. तिथे तो नुसता काळा आकार आहे, तोही पाठमोरा.

शनिवारपेठी: मग शनिवारी मीही येतो पौड रोडला.