मदत हवी आहे: आर्टेसुनेट इतके प्रभावी असताना सोबत रेंगाळणारे दुसरे औषध का लागते?

वैनगंगाकाठ: नमस्कार. काही वर्षांपूर्वी माझ्या वडिलांना गडचिरोलीत फाल्सिपेरम हिवताप झाला होता. पाकिटात तीन दिवसांच्या आर्टेसुनेटच्या गोळ्या होत्या आणि सल्फाडॉक्सिन-पायरीमेथामिनच्या गोळ्या फक्त पहिल्या दिवशी घ्यायच्या होत्या. दुसऱ्या दिवशी प्रायमाक्विनचा एकच डोस दिला गेला. ताप दीड दिवसात उतरल्यावर वडील म्हणाले, "काम झाले, आता कशाला?" आईने आग्रह करून उरलेल्या गोळ्या दिल्या. सध्या मी गावातील आशाताईंसाठी हिवतापावर माहिती लिहीत आहे. आर्टेसुनेट काही तासांत शरीरातून निघून जाते, तर दुसरे औषध अनेक दिवस रक्तात राहते. ही विषम जोडी मुद्दाम जुळवली आहे का, आणि तिने प्रतिरोध कसा रोखला जातो?

सह्याद्रीवासी: दोन औषधांमुळे ताप लवकर उतरतो, म्हणून जोडी देतात. प्रायमाक्विन धरले तर तीन औषधे होतात. मला स्वतःला 14 दिवस प्रायमाक्विन घ्यावे लागले होते, त्यामुळे एका डोसने काय होणार हे मला कळत नाही.

परजीवी_अभ्यासक: सह्याद्रीवासी, 14 दिवसांचा उपचार व्हायवॅक्ससाठी असतो, कारण त्याचे परजीवी यकृतात दडून राहतात. फाल्सिपेरममधील एक डोस रुग्णाला बरे करण्यासाठी नसून त्याच्या रक्तातून डासाकडे जाणारी रूपे मारण्यासाठी असतो, त्यामुळे प्रायमाक्विन या जोडीत मोजू नये. तापही मुख्यतः आर्टेसुनेटमुळेच उतरतो, दुसऱ्या औषधाचे काम त्यानंतरचे आहे.

वैनगंगाकाठ, ते काम आकड्यांतून स्पष्ट होते. परजीवीचे रक्तातील एक चक्र साधारण 48 तासांचे असते आणि आर्टेसुनेट एका चक्रात त्यांची संख्या सुमारे दहा हजार पटींनी घटवते. आजार वाढलेल्या माणसाच्या अंगात एक लाख कोटी परजीवी आहेत असे धरा. पहिल्या चक्रानंतर दहा कोटी उरतात, आणि तीन दिवसांच्या गोळ्या दोन चक्रांना पुरतात, म्हणून शेवटी दहा हजार उरतात. एवढे थोडे परजीवी काचपट्टीवर दिसत नाहीत आणि माणसाला बरेही वाटू लागते. पण गोळ्या संपल्यावर मागे काहीच उरले नाही, तर हे दहा हजार प्रत्येक चक्रात दहापटीपर्यंत वाढू शकतात आणि चार चक्रांत पुन्हा दहा कोटींवर पोहोचतात. एकटे आर्टेसुनेट द्यायचे तर सात दिवस द्यावे लागते, आणि तरीही काहींचा आजार उलटतो. सोबतचे औषध त्या उरलेल्यांना अनेक दिवस गाठत राहते, म्हणूनच त्याचे सर्व डोस पहिल्या दिवशी दिले तरी चालते.

प्रतिरोधाचा मुद्दाही इथेच आहे. सोबतचे औषध एकटे दिले असते, तर त्याला दाद न देणारा एखादा उत्परिवर्ती परजीवी एक लाख कोटींतून निवडला गेला असता. आता त्याच्यासमोर फक्त दहा हजार येतात, त्यांत तसा परजीवी असण्याची शक्यता फार कमी असते. उलट, आर्टेसुनेटमधून निसटलेल्याला दुसरे औषध मारते, म्हणून त्याचा वंश डासापर्यंत जात नाही.

वैनगंगाकाठ: हे समजले, आभारी आहे. पण मग ईशान्य भारतात 2013 मध्ये ही जोडी बदलून आर्टिमेथर-लुमेफॅन्ट्रिन का आणली?

परजीवी_अभ्यासक: कारण तेथे सल्फाडॉक्सिन-पायरीमेथामिनच निकामी होऊ लागले होते. जोडीदार निकामी असेल, तर कागदावर जोडी असूनही आर्टेसुनेट प्रत्यक्षात एकटेच लढते. उलट दिशेची घसरण कंबोडियात दिसली. पैलिन येथे आर्टेसुनेट दिल्यावर रक्त परजीवीमुक्त व्हायला मध्यक 84 तास लागल्याचे 2009 मध्ये प्रसिद्ध झाले, तर थायलंडमधील वांग फा येथे 48 तास लागत होते. परजीवी मरण्याचा वेग मंदावला की दहा हजारांऐवजी कितीतरी जास्त परजीवी जोडीदाराच्या वाट्याला येतात. तेथे जोडीदार होता पिपराक्विन, आणि पुढे त्यालाही प्रतिरोध निर्माण होऊन उपचार अपयशी ठरू लागले.

नर्मदा_कुळकर्णी: मी प्रयोगशाळेत काम करते, म्हणून ओळखण्याविषयी लिहिते. तिसऱ्या दिवशीही काचपट्टीवर परजीवी दिसले, तर तो आर्टेसुनेट मंदावल्याचा इशारा असतो, निदान नव्हे. जोडीदार फसला की आजार काही आठवड्यांनी उलटतो, म्हणून औषधांच्या पाहणीत रुग्णाला 28 ते 42 दिवस तपासतात आणि परजीवीच्या जनुकांवरून तो जुनाच आहे की नव्या डासाचा, हे ठरवतात.

माझी एक शंका मात्र कायम आहे. पिपराक्विनसारखे औषध आठवड्यांनंतरही क्षीण प्रमाणात रक्तात असते. त्या काळात नवा डास चावला, तर त्या परजीवीला आर्टेसुनेट भेटतच नाही, फक्त हे अपुरे औषध भेटते. म्हणजे रेंगाळणे हेच त्याचे बळ आणि तोच त्याचा धोका नाही का?

परजीवी_अभ्यासक: होय, तो धोका खरा आहे आणि जिथे डास सतत चावतात तिथे तो अधिक आहे. दोन वेगळ्या जोडीदारांसह तिहेरी औषधे देण्याच्या चाचण्या झाल्या आहेत. माझे मत तिहेरीच्या बाजूने आहे, परंतु वाढत्या गोळ्या रुग्ण पुऱ्या घेतील का, यावर माझे सहकारी सहमत नाहीत.

वैनगंगाकाठ: मग मी आशाताईंसाठी तिसऱ्या दिवसाचे रक्त तपासण्याविषयी वेगळा परिच्छेद लिहिते. सह्याद्रीवासींसारखी गल्लत गावातही होते, म्हणून व्हायवॅक्सचे प्रायमाक्विन स्वतंत्र पानावर ठेवीन.