मदत हवी आहे: स्वमूल्यमापन पत्रकात सगळीच मुले हसरा चेहरा रंगवतात

नमस्कार. चोपडा तालुक्यातील जिल्हा परिषद शाळेत मी दुसरीला शिकवते. लेखनानंतर मुलांनी आपले काम स्वतः पाहावे म्हणून हसरा, सरळ ओठांचा आणि उदास अशा तीन चेहऱ्यांचे पत्रक केले; परंतु ‘माझे काम कसे झाले?’ या प्रश्नाला शब्द एकमेकांना चिकटवून लिहिणारी मुलेही हसराच चेहरा रंगवतात, कारण उदास चेहरा म्हणजे बाई रागावल्या असे त्यांना वाटते.

‘दोन शब्दांमध्ये बोटभर जागा सोडली का?’ एवढेच विचारून वहीवर बोट ठेवून पाहायला लावले, तेव्हा मात्र काहींनी मधला चेहरा निवडला आणि चिकटलेल्या शब्दांमध्ये स्वतःहून उभी रेघ मारली. उदास चेहऱ्याऐवजी हात वर केलेला, मदत मागणारा चेहरा कुणी वापरला आहे का? घरी अहिराणी बोलणाऱ्या मुलांना हा प्रश्न अहिराणीतून विचारावा का, हेही कृपया सांगावे.