‘माझ्याकडे चालतंय’ म्हणून बग बंद केला. रिपोर्ट अपुरा होता का?

चाचणीकार
मी टेस्टिंग करते. परवा असा बग लिहिला: “प्रोफाइलमध्ये जन्मतारीख चुकीची दिसते. स्क्रीनशॉट जोडला आहे.” डेव्हलपरने ‘माझ्याकडे चालतंय’ लिहून तासाभरात बंद केला. माझ्याकडे तर दर वेळी होतंय. बग दाखवणं माझं काम, शोधणं त्याचं. मी अजून किती लिहायचं?

जुना_खिळा
‘चुकीची’ म्हणजे कशी, हे तुमच्या वाक्यात कुठेच नाही. महिना आणि दिवस उलटे झाले, वर्ष बदललं की एक दिवस सरकला? तिन्हींची कारणं पार वेगळी. स्क्रीनशॉटमध्ये फक्त निकाल दिसतो, तुम्ही काय टाइप केलं होतं ते दिसत नाही. नेमकी कोणती तारीख टाकली आणि कोणती दिसली?

चाचणीकार
15 मार्च 1990 टाकली. सेव्ह करून पान रीलोड केलं की 14 मार्च दिसते.

जुना_खिळा
एकच दिवस मागे, म्हणजे मला टाइमझोनचा संशय येतो. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये या दोन ओळी एकेक करून चालवा आणि काय येतं ते सांगा.

```
Intl.DateTimeFormat().resolvedOptions().timeZone
new Date("1990-03-15").getDate()
```

वेगळा_सूर
तुमच्या पहिल्या प्रश्नाशी सहमत, पण पुढचं पटत नाही. टाइमझोन महत्त्वाचा आहे हे टेस्टरला आधी कसं कळावं? आमच्याकडे बगच्या फॉर्ममध्ये चौदा रकाने केले, तर लोक सगळीकडे ‘लागू नाही’ भरायला लागले. त्यापेक्षा स्क्रीनचा व्हिडिओ द्यावा. त्यात सगळं दिसतं.

चाचणीकार
पहिल्या ओळीला America/New_York आलं, दुसरीला 14. आमची टेस्टिंगची मशीन रिमोट आहे, तिचं घड्याळ कुठलं आहे हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

जुना_खिळा
मग उलगडलं. नुसती तारीख असलेली अशी स्ट्रिंग जावास्क्रिप्ट यूटीसीची मध्यरात्र म्हणून वाचते. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा आदल्या दिवशीची संध्याकाळ असते, म्हणून 14. डेव्हलपरचं मशीन यूटीसीच्या पुढच्या टाइमझोनमध्ये असेल तर त्याला 15 च दिसणार. म्हणजे तो खोटं बोलत नव्हता आणि तुम्हीही नाही. @वेगळा_सूर, व्हिडिओत हे दिसलं नसतं. मशीनचा टाइमझोन स्क्रीनवर कुठे लिहिलेला नसतो.

सर्व्हरवाला
सर्व्हरचा टाइमझोन यूटीसी करा, विषय संपला.

जुना_खिळा
थांबा, आधी नेटवर्क टॅबमध्ये सर्व्हरचं उत्तर बघू द्या. तिथे "1990-03-15" येत असेल तर सर्व्हर बरोबर आहे, बिघाड दाखवण्यात आहे. ते उत्तर रिपोर्टला चिकटवलं की अर्धी टीम चुकीच्या जागी खणायची थांबते.

हेल्पडेस्क_बाई
आमची तऱ्हा वेगळी. ग्राहक आम्हालाच कारण सांगतात. एकाने ‘कॅशची अडचण’ लिहिलं, मी ते तसंच पुढे पाठवलं. डेव्हलपरने दोन दिवस कॅश तपासली. शेवटी त्या माणसाचं ॲपच जुन्या आवृत्तीचं निघालं. आता अंदाज मी वेगळ्या ओळीत, ‘अंदाज’ असं म्हणूनच लिहिते.

चाचणीकार
सर्व्हरचं उत्तर पाहिलं, 1990-03-15 च आहे. रिपोर्ट पुन्हा लिहिला:

“प्रोफाइल: यूटीसीच्या मागच्या टाइमझोनमध्ये जन्मतारीख एक दिवस मागे दिसते
१. मशीनचा टाइमझोन America/New_York करून ब्राउझर पुन्हा उघडा.
२. लॉगिन करून प्रोफाइल उघडा, जन्मतारीख 15 मार्च 1990 टाका, सेव्ह करा.
३. पान रीलोड करा.
अपेक्षित: 15 मार्च 1990. प्रत्यक्ष: 14 मार्च 1990.
5 पैकी 5 वेळा. टाइमझोन Asia/Kolkata केल्यावर एकदाही नाही. सर्व्हरच्या उत्तरात तारीख बरोबर आहे. ब्राउझर आणि बिल्डची आवृत्ती खाली दिली आहे.”

जुना_खिळा
यातली ‘Asia/Kolkata केल्यावर नाही’ ही ओळ मला सगळ्यात मोलाची वाटते. कुठे होतं याच्याइतकंच कुठे होत नाही हेही लिहिलं की डेव्हलपरला शोधायची जागा फार थोडी उरते.

वेगळा_सूर
रिपोर्ट उत्तम झाला, पण बघा, तुम्ही विचारलंत म्हणून तो झाला. बंद करण्याआधी डेव्हलपरने ‘कोणती तारीख टाकली?’ एवढं विचारलं असतं तरी चाललं असतं. रिपोर्ट सुधारायचा आणि ‘माझ्याकडे चालतंय’ला मोकळीक द्यायची, हे मला अजूनही मान्य नाही.

जुना_खिळा
न विचारता बंद करणं चूकच. पण त्याच्याकडे असे चाळीस बग पडलेले असतील तर टाकलेली आणि दिसलेली तारीख पहिल्याच वाक्यात असायला हवी. ती माहिती टाइमझोनसारखी लपलेली नव्हती.

चाचणीकार
तारखांचं मान्य. टाइमझोनचं मात्र मी @वेगळा_सूर यांच्या बाजूने आहे, ते मला सुचलंच नसतं. बग पुन्हा उघडलाय.