आवड कशी सांगितलीत की सिनेमा नेमका मिळाला?

'थ्रिलर सुचवा' असं मी वर्षानुवर्षं विचारत आलोय आणि दर वेळी रक्ताचे पाट वाहणारं काहीतरी हातात पडतं, सुचवणाऱ्यांचा दोष नाही म्हणा, मी सांगितलंच काय होतं! मागे एका मैत्रिणीने उलट विचारलं, आवडलेला एक सांग, त्याच जातीचा न आवडलेला एक सांग, आणि मन कुठे लागलं नि कुठे उडालं ते सीनसकट सांग. म्हटलं झोडियाक (2007) दोनदा पाहिला, सेव्हन (1995) अर्ध्यात बंद केला. पहिल्यात ते जुन्या फायली उपसणं, हस्ताक्षरं जुळवणं यात रमलो, दुसऱ्यात खुनाच्या जागा बघूनच पोटात ढवळलं. ती म्हणाली, तुला थ्रिलर नकोच आहे, तुला चिकाटीने काम करणारी माणसं बघायचीयत. दिला स्पॉटलाइट (2015). पत्रकार बसून याद्या चाळतायत आणि मी जागचा हललो नाही. तुमचे अनुभव लिहा.

रातकिडा: एवढं कशाला, दिग्दर्शकाचं नाव सांगायचं. मला आजवर तेवढं पुरलंय.

निवांत: अरे पण वरचे दोन्ही डेव्हिड फिंचरचेच आहेत! नाव सांग, पण त्याचा कुठला आणि कशासाठी तेही सांग.

रातकिडा: हां, हे लक्षातच नाही आलं. तरी माझं चालतं बुवा.

जुनी_खिडकी: मी विशेषणांनी फसलेय. 'स्लो असला तरी चालेल' म्हटलं तर एकाने असा दिला की तासभर कोणी तोंडच उघडेना. मला म्हणायचं होतं घटना कमी चालतील पण माणसं बोलती हवीत. आता सरळ सांगते, 12 अँग्री मेन (1957) जवळजवळ अख्खा एका खोलीत आहे तरी मला कंटाळा आला नाही, कारण एकेकाचं मत सरकताना दिसतं. आणि नावं दोन-तीनच द्या, मी दहा दिली की लोक त्यातलं सगळ्यात गाजलेलं धरून तसलंच सुचवतात.

सोनचाफा: मला हलकंफुलकं सुचवा ना कोणीतरी, आईसोबत बघायचंय.

निवांत: ताई, धागा वेगळा आहे :) पण 'आईसोबत' हे सांगितलंत ते कामाचं. त्यांनी शेवटचा कुठला अर्ध्यात सोडला?

सोनचाफा: सोडला नाही, झोपली.

निवांत: लावला किती वाजता होतात?

सोनचाफा: साडेदहा...

निवांत: मग दीड तासाच्या आतला हवा असं आधी सांगा, हलकाफुलका नंतर.

पानगळ: माझी अडचण वेगळीच. अर्धवट सोडलेला शेवट मला चालत नाही, पण तसं सांगितलं की जो सुचवतील त्यात गुन्हेगार सापडणार हे आधीच कळतं, मग मजा काय राहिली?

जुनी_खिडकी: म्हणून मी शेवटाबद्दल बोलतच नाही. दोनदा पस्तावलेय, तरी नाही बोलत.