अकरा प्रोजेक्ट सोडून एकच निर्णय सांगत बसायचं?

धरमपेठी: डिझायनरच्या नोकरीसाठी सहा ठिकाणी अर्ज केले, एकाकडूनही उत्तर नाही. आता एक सीनियर म्हणतो, पोर्टफोलिओतली अकरा प्रोजेक्टची यादी काढून टाक आणि एकाच कामातला एक निर्णय नीट समजावून सांग. मग बाकी दहांची मेहनत नाल्यात टाकू का? ही नवी फॅशन कोणी काढली?

कळमना_रिटर्न: फॅशन नाही बे. मी अर्ज वाचतो म्हणून चिडून लिहितोय. अकरा प्रोजेक्टवाल्या अर्जात अकराही वेळा तेच असतं: आधी संशोधन, मग वायरफ्रेम, मग मोबाइलच्या चौकटीत सुंदर स्क्रीन. त्यात तू कुठे डोकं लावलंस ते दिसतच नाही.

मागे एका पोरीचा अर्ज आला होता. कळमना बाजारातल्या अडत्यांसाठी संत्र्याच्या नोंदीचं अ‍ॅप. तिने फक्त क्रेटचा आकडा कसा भरायचा, एवढंच सांगितलं. पहिल्या आवृत्तीत फोनचा कीबोर्ड उघडायचा आणि अर्धी स्क्रीन झाकायचा. आधीच्या लॉटची ओळ दिसेना, म्हणून अडत्या आकडा भलत्याच लॉटवर टाकायचा. हे तिला बाजारात उभं राहून कळलं, कारण त्याच्या एका हातात पावतीबुक होतं आणि तो फोन अंगठ्यानेच चालवत होता. बोलून आकडा भरायचं तिने करून पाहिलं, बोलीच्या आरडाओरड्यात ते बुडालं. यादीतून आकडा निवडायला सरकवत बसावं लागे. शेवटी खाली मोठ्या आकड्यांची स्वतःची पट्टी केली, वर आधीची ओळ तशीच ठेवली.

आणि मग लिहिलं होतं, "या पट्टीमुळे शेतकऱ्याचं नाव स्क्रीनवर मावलं नाही, ते टॅप केल्यावर दिसतं. दोन अडत्यांना हे आवडलं नाही." मी तिला बोलावलं ते या दोन वाक्यांमुळे.

सदरचा_छापखाना: तुमचं अ‍ॅपवाल्यांचं ठीक आहे हो. आमच्याकडे पॅकेजिंगला माणूस घेताना मला बर्फीचा डबा, लग्नपत्रिका, दुकानाची पाटी, सगळं पाहायचं असतं. एका डब्यावर निबंध लिहिणारा उद्या पत्रिकेत मात्रा कापून टाकतो. ओळींतलं अंतर इंग्रजीइतकंच ठेवतो, वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला धडकतो!

कळमना_रिटर्न: बरं, मान्य. तुमच्याकडे हात किती तऱ्हांनी चालतो ते पाहावंच लागतं. मग चार कामांची छोटी चित्रं ठेवा आणि एकच उघडा. पण तुमचाच मुद्दा घ्या: "ओळींतलं अंतर वाढवलं, त्यामुळे पत्रिकेतली दोन नावं कमी करावी लागली, यजमान रागावले" असं कोणी लिहिलं तर तुम्ही त्याला घ्याल की नाही?

सदरचा_छापखाना: घेईन. यजमानांना समजवायला मात्र त्यालाच पाठवीन.

बी_ई_सोडलेला: मी इंजिनिअरिंग सोडून डिझाइनला आलो, हा निर्णय सांगितला तर चालेल का?

कळमना_रिटर्न: तो आयुष्यातला निर्णय झाला राजा, इथे कामातला विचारतायत.

तर्री_पोहे: निर्णय-बिर्णय राहू द्या, आधी फुकटच्या असाइनमेंटवर बोला! एका कंपनीने मला "छोटंसं टास्क" म्हणून अख्खं चेकआउट करायला लावलं. पाच रात्री जागलो. नंतर "पोझिशन होल्डवर आहे". दोन महिन्यांनी त्यांच्या अ‍ॅपवर माझीच मांडणी, फक्त बटणाचा रंग वेगळा.

धरमपेठी: सेम! माझ्याकडून तर लोगोसुद्धा मागितला.

सदरचा_छापखाना: आमच्या वेळी दोन तास समोर बसवून करून घ्यायचे, चहा पाजून. काम घरी पाठवणं ही लूटच आहे.

कळमना_रिटर्न: लूट आहेच. पण कधी कधी टास्क मागतात ते अर्जात विचार दिसत नाही म्हणून. तो आधीच दिसला तर…

तर्री_पोहे: म्हणजे चोरी झाली तरी चूक आमचीच? वा! तुम्ही तिकडच्या बाजूचेच.

कळमना_रिटर्न: तसं म्हटलं नाही. पैसे न देता चालू प्रॉडक्टचं काम मागितलं तर सरळ नाही म्हणा. त्यावर माझं काही दुमत नाही.

धरमपेठी: माझा मूळ प्रश्न कुठे गेला? माझ्या चांगल्या कामांतले निर्णय लीडने घेतले होते. मी काय सांगू, "त्यांनी ठरवलं, मी केलं"?

कळमना_रिटर्न: तू काय सुचवलं होतंस आणि ते का मागे पडलं, ते सांग.

धरमपेठी: आणि तो लीडच उद्या रेफरन्सला फोन उचलणार असेल तर?

सदरचा_छापखाना: हा आता खरा प्रश्न.

कळमना_रिटर्न: त्याचं नाव लिहू नको. त्यापुढे मलाही सुचत नाहीये. तोवर त्या अकरांतलं सगळ्यात छोटं काम काढ, ज्यात लीड नव्हता. आहे का असं?

धरमपेठी: मामाच्या मेडिकलचं बिल आहे. ते पोर्टफोलिओत टाकलंच नव्हतं.